चार जीबीचे कार्ड की नवी चिप?

लॅपटॉपच्या दुकानात जवळपास एकाच किमतीची दोन यंत्रे शेजारी मांडलेली असतात. एकावर ‘४ जीबी ग्राफिक्स कार्ड’ असे ठळक लिहिलेले असते. दुसऱ्यावर ग्राफिक्सचा उल्लेख नसतो, पण प्रोसेसर नव्या पिढीचा असतो. मुलाला गेम खेळायचे आहेत असे सांगितले की विक्रेता पहिल्याकडे बोट दाखवतो: “गेमिंग ना? मग कार्डवालाच घ्या.” दहा वर्षांपूर्वी हा सल्ला बिनधास्त मानावा असा होता. प्रोसेसरच्या पोटातली ग्राफिक्स चिप तेव्हा व्हिडिओ आणि एक्सेल यांच्यापलीकडे फारशी जात नव्हती. आता तो सल्ला काही जोड्यांत बरोबर ठरतो, काही जोड्यांत पूर्ण चुकतो.

टोकाच्या दोन जोड्या आधी निकालात काढू. एनव्हिडियाचे एमएक्स४५० हे स्वस्त, पातळ लॅपटॉपमध्ये येणारे कार्ड. त्याच्याकडे स्वतःची मेमरी फक्त २ जीबी. २०२२ मध्ये एएमडीच्या रायझन ६००० मालिकेबरोबर आलेली रेडिऑन ६८०एम ही अंगभूत चिप त्याला सरळ मागे टाकते. नवा लॅपटॉप असो की जुन्या बाजारातला, एमएक्स मालिकेतल्या कार्डासाठी एक रुपयाही जास्त मोजू नये. दुसऱ्या टोकाला ६ जीबी मेमरीचे आरटीएक्स ३०५०. त्याला पुरेशी वीज मिळत असेल, तर आजच्या नेहमीच्या अंगभूत चिपा त्याच्या जवळपासही येत नाहीत. खरा पेच मधल्या जोडीत आहे. एका बाजूला ४ जीबीचे आरटीएक्स २०५० आणि दुसऱ्या बाजूला रायझन ७ ७८४०एचएस किंवा ८८४५एचएस या प्रोसेसरांत बसवलेली रेडिऑन ७८०एम. बाजारात सर्वाधिक गोंधळ याच जोडीवरून होतो, म्हणून हे प्रकरण तिच्यापुरतेच ठेवतो.

आधी नावांबद्दल. आरटीएक्स २०५० डिसेंबर २०२१ मध्ये जाहीर झाले. नावात ‘२०’ असले तरी आतली चिप ३०५० च्याच कुळातली, अँपिअर पिढीची आहे. गणन करणारी केंद्रकेही ४ जीबीच्या ३०५० इतकीच, म्हणजे २०४८. मग ते स्वस्त का? कारण चिपपासून तिच्या मेमरीपर्यंतचा रस्ता अर्धा केला आहे. ३०५० ला १२८ बिट रुंदीची वाट आहे, २०५० ला ६४ बिटची. गेममध्ये चिप सेकंदाला कितीतरी वेळा चित्रांचे तुकडे मेमरीतून उचलते आणि तयार झालेले पुन्हा ठेवते. ही ने-आण मंदावली की चिप कितीही ताकदवान असली तरी ती रिकामी बसून वाट पाहते.

हा वेग काढण्याचे गणित सोपे आहे. वाटेची रुंदी बिटमध्ये घ्या, तिला मेमरीच्या वेगाने गुणा आणि ८ ने भागा. आरटीएक्स २०५० ची मेमरी १४ गिगाबिटने चालते: ६४ गुणिले १४ भागिले ८, म्हणजे सेकंदाला ११२ जीबी. रेडिऑन ७८०एमला स्वतःची मेमरी नाही, ती लॅपटॉपची रॅमच वापरते. रॅमच्या दोन स्टिक असतील आणि ती डीडीआर५-५६०० असेल, तर रुंदी १२८ बिट होते आणि उत्तर येते सेकंदाला ८९.६ जीबी. बोर्डावर सोल्डर केलेली एलपीडीडीआर५एक्स-७५०० असेल तर १२० जीबी. म्हणजे कागदावर दोघे जवळजवळ बरोबरीत आले. फरक एवढाच, की २०५० चे ११२ जीबी एकट्या ग्राफिक्सचे आहेत, तर ७८०एमच्या वाट्यातून प्रोसेसरही आपला हिस्सा उचलतो.

या गणितातला ‘दोन स्टिक’ हा तपशील खरेदीच्या वेळी सर्वात जास्त दुर्लक्षित राहतो. एकच १६ जीबीची स्टिक लावलेला ७८०एमचा लॅपटॉप बाजारात सर्रास मिळतो. त्यात वाटेची रुंदी निम्मी होते आणि ८९.६ चे ४४.८ जीबी उरतात. चिप तीच, प्रोसेसर तोच, माहितीपत्रकावर ‘१६ जीबी रॅम’ हेही खरे. पण गेममध्ये ते यंत्र सपशेल मागे पडते. इंटेलने तर हा फरक नावातच उतरवला होता. त्यांच्या आयरिस एक्सई चिपेला एकाच स्टिकची रॅम दिली की विंडोज तिचे नाव साधे ‘यूएचडी’ दाखवू लागते. हा फरक तपासायला टास्क मॅनेजर उघडा, Performance मध्ये Memory वर जा आणि `Slots used` ही ओळ वाचा. तिथे `1 of 2` दिसले तर त्या यंत्राला अजून एक स्टिक हवी आहे, आणि तिची किंमत धरूनच तुलना करायची. रॅम सोल्डर केलेली असेल तर ही ओळ फारशी कामाची नाही. तिथे मॉडेलचे तपशील पाहून ‘ड्युअल चॅनल’ आहे का आणि एकूण क्षमता किती, हे विचारून घ्यावे. ८ जीबी सोल्डर केलेली, वाढवायची सोय नसलेली रॅम आणि ७८०एम ही जोडी गेमसाठी घेऊच नये. त्या ८ जीबीतच विंडोज, गेम आणि ग्राफिक्स या तिघांना राहायचे असते.

आता विजेकडे येऊ, कारण एकाच नावाचे दोन लॅपटॉप इथे अगदी वेगळे निघतात. आरटीएक्स २०५० ला लॅपटॉप बनवणारी कंपनी ३० ते ४५ वॅटच्या दरम्यान कितीही वीज ठरवून देऊ शकते. आरटीएक्स ३०५० मध्ये तर ही रुंदी ३५ पासून ८० वॅटपर्यंत जाते. पातळ अंगाच्या लॅपटॉपमधले ३५ वॅटचे ३०५० आणि जाड अंगाच्या लॅपटॉपमधले ८० वॅटचे ३०५० यांना एकच नाव देणे हा ग्राहकावरचा अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. सुदैवाने खरा आकडा लपवता येत नाही. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलच्या तळाशी `System Information` आहे. त्यात `Maximum Graphics Power` आणि `Memory bandwidth` हे दोन्ही आकडे मिळतात. दुकानात ठेवलेले यंत्र चालू असेल तर हे वाचायला एक मिनिट पुरते.

७८०एमची गोष्ट उलटी आहे. तिला वेगळी वीज मिळत नाही. प्रोसेसरला जी ठरावीक वीज दिलेली असते, त्यातच दोघांचे भागते. एचएस प्रकारच्या प्रोसेसरला साधारण ३५ ते ५४ वॅट मिळतात, तेव्हा चिप मोकळेपणाने धावते. तीच ७८०एम ७८४०यू या कमी विजेच्या प्रोसेसरमध्येही असते. तो १५ वॅटवर बांधलेला असेल तर गेममध्ये फ्रेम्स लक्षात येण्याइतक्या घटतात. वेगळ्या कार्डाच्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि कार्ड यांना वेगवेगळी वीज मिळते, हा त्याचा मोठा फायदा. पण हा फायदा भिंतीतल्या सॉकेटला बांधलेला आहे. चार्जर काढला की कार्डाची वीज झपाट्याने कापली जाते आणि तोच गेम अर्धमेला होतो. ७८०एमवर बॅटरीतला फरक तुलनेने कमी जाणवतो. कॉलेजच्या होस्टेलमध्ये सॉकेटवरून भांडणे होत असतील, तर ही बाब गौण नाही.

एवढ्यावरून कार्ड थोडे पुढे आणि चिप थोडी मागे असे चित्र होते, आणि हलक्या गेममध्ये ते खरेही आहे. पण निर्णयाची खरी जागा पुढे आहे: चार जीबी भरल्यावर काय होते?

कार्डाची स्वतःची मेमरी म्हणजे स्वयंपाकाच्या ओट्यावरची जागा. हाताशी, पटकन उचलता येणारी. ती भरली की पुढची वस्तू माळ्यावर ठेवावी लागते, आणि फोडणी चालू असताना शिडी लावून ती काढावी लागते. इथला माळा म्हणजे लॅपटॉपची रॅम, आणि शिडी म्हणजे कार्ड व प्रोसेसर यांना जोडणारा पीसीआयई मार्ग. आठ लेनचा पीसीआयई ४.० मार्ग असला तरी त्यावरून सेकंदाला जेमतेम १६ जीबी जातात. कार्डाच्या आत ११२, आणि बाहेर सांडले की १६. काही लॅपटॉपमध्ये लेन चारच असतात, तिथे अवस्था आणखी बिकट होते.

७८०एमला ओटा आणि माळा असा भेदच नाही. तिच्यासाठी सगळी रॅम सारखीच. १६ जीबी रॅम असेल तर विंडोज तिला गरजेप्रमाणे जवळपास निम्म्यापर्यंत वापरू देते. ती आरटीएक्सहून हळू चालते, पण एकाच चालीने चालते. आरटीएक्स मात्र भरेपर्यंत वेगाने धावते आणि भरल्यावर ठेचकाळते. या जोडीचा निवाडा करताना मी हा फरक सगळ्यात वर ठेवतो.

हे ठेचकाळणे सरासरी एफपीएसमध्ये दिसत नाही, आणि बहुतेक तुलना सरासरीवरच केल्या जातात. एक कल्पित सेकंद घ्या. त्यात ६० फ्रेम्स तयार झाल्या. त्यांपैकी ५९ फ्रेम्सना प्रत्येकी १५ मिलिसेकंद लागले, म्हणजे ८८५ मिलिसेकंद. उरलेल्या एका फ्रेमला, मेमरी बाहेरून आणावी लागल्यामुळे, १२० मिलिसेकंद. बेरीज १००५, म्हणजे जवळपास एक सेकंद. सरासरी जवळपास ६० एफपीएस, निकाल उत्तम. पण खेळणाऱ्याला वळणावर पडदा क्षणभर गोठल्याचे स्पष्ट जाणवते. त्यामुळे निकाल पाहताना ‘१ टक्का लो’ हा आकडा बघावा. सर्वात संथ एक टक्का फ्रेम्सचा वेग तो सांगतो. सरासरी ६० आणि १ टक्का लो ४८ असेल तर खेळ गुळगुळीत आहे. सरासरी ७० आणि लो १८ असेल तर मेमरीवर किंवा रॅमवर संशय घ्यायला जागा आहे. कॅपफ्रेमएक्स हे मोफत सॉफ्टवेअर हे दोन्ही आकडे नोंदवून देते.

संशय खरा की खोटा हेही टास्क मॅनेजर सांगतो. गेम चालू असताना Performance मध्ये त्या कार्डाचे पान उघडा. तिथे `Dedicated GPU memory` आणि `Shared GPU memory` असे दोन आलेख असतात. पहिला ४ जीबीला टेकलेला आणि दुसरा चढत चाललेला दिसला, तर सांडायला सुरुवात झाली आहे. दुसरा आलेख अगदी शून्यावर नसतोच, थोडी मेमरी तिथे नेहमीच राहते. चढण्याचा कल पाहायचा. उपाय बहुधा एकच असतो: टेक्स्चरची पातळी एक पायरी खाली आणणे. सावल्या किंवा प्रकाश कमी करून या दुखण्याला फारसा उतार पडत नाही.

कोणता गेम खेळायचा आहे यावर म्हणूनच इतके काही ठरते. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ यांचा भार मुख्यतः प्रोसेसरवर असतो. तिथे दोन्ही लॅपटॉप चालतात आणि पडदा ६० हर्ट्झचा आहे की १४४ चा, हा प्रश्न जास्त मोलाचा ठरतो. जीटीए ५ हा २०१५ मध्ये पीसीवर आलेला गेम ४ जीबीत सहज बसतो, तिथे आरटीएक्स २०५० पुढे राहते. त्याच्या ग्राफिक्सच्या मेनूत किती मेमरी लागेल याची पट्टीही दिसते, नवख्याला ती शिकण्यासारखी आहे. सायबरपंक २०७७ च्या किमान गरजांत आता जीटीएक्स १०६० चे ६ जीबीचे कार्ड लिहिलेले असते. अ‍ॅलन वेक २ ही किमान ६ जीबी मागतो. असे गेम ४ जीबीच्या कार्डावर टेक्स्चर उतरवूनच खेळावे लागतात. मग आरटीएक्सकडे डीएलएसएस हे हत्यार उरते. चित्र कमी रेझोल्यूशनवर तयार करून ते हुशारीने मोठे करणारे हे तंत्र त्याच आकाराच्या एफएसआरपेक्षा सहसा स्वच्छ चित्र देते. ७८०एमला एफएसआरवर भागवावे लागते. जीटीएक्स १६५० ला मात्र डीएलएसएस मिळतच नाही. प्रकाशकिरणांचा माग काढणारी खास यंत्रणाही त्यात नाही, म्हणून डूम: द डार्क एजेससारखा २०२५ चा गेम, जो ती यंत्रणा मागतोच, तिथे सुरूही होत नाही. जुन्या बाजारात १६५० चा लॅपटॉप स्वस्त मिळाला तरी ही मर्यादा आधीच माहीत असावी.

एका आकड्यापासून सावध राहायला हवे, तो म्हणजे टेराफ्लॉप्स. ७८०एमचे जाहीर टेराफ्लॉप्स सुमारे ८ भरतात, आरटीएक्स २०५० चे सुमारे ६. यावरून ७८०एम वेगवान असे वाटेल, पण मेमरीत मावणाऱ्या गेममध्ये उलटेच दिसते. कारण एएमडीच्या आरडीएनए ३ रचनेत एक केंद्रक एकाच वेळी दोन आज्ञा चालवू शकते असे धरून तो आकडा दुप्पट केलेला आहे. गेममध्ये अशी जोडी क्वचितच जुळते.

‘नवी चिप’ या शब्दालाही तपासून घ्यावे. रायझन ७ ७७३०यू हे नाव ७८४०एचएसच्या सख्ख्या भावासारखे वाटते, पण त्यातली ग्राफिक्स चिप २०१७ मध्ये आलेल्या व्हेगा रचनेची आहे. ७५२०यू मध्ये ६१०एम आहे आणि तिच्यात ७८०एमच्या बारा ग्राफिक्स गटांऐवजी फक्त दोन गट. एएमडीच्या या क्रमांकांत तिसरा अंक प्रोसेसरची रचना सांगतो: ७५२०मध्ये २, ७७३०मध्ये ३, ७८४०मध्ये ४. पण ७७३५एचएसमध्ये तिसरा अंक ३ असूनही चांगली ६८०एम असते. त्यामुळे अंकावर विसंबू नका, ग्राफिक्सचे नाव विचारा. विक्रेत्याने ‘रेडिऑन ग्राफिक्स’ एवढेच सांगितले तर थांबून नेमके मॉडेल काढून घ्या.

आता दोन ठोस यंत्रे समोर ठेवू. पहिले: कोअर आय५-१२४५०एच, आरटीएक्स २०५० ४ जीबी, डीडीआर४ रॅमची ८ जीबीची एकच स्टिक, दुसरी जागा रिकामी. दुसरे: रायझन ७ ८८४५एचएस, ७८०एम, १६ जीबी एलपीडीडीआर५एक्स-६४०० सोल्डर केलेली. किंमत सारखी धरू. पुण्यात इंजिनिअरिंगला असलेल्या मुलीसाठी घ्यायचा आहे, ती रोज व्हॅलोरंट आणि सुट्टीत सायबरपंक खेळते.

पहिल्या यंत्रात कार्ड चांगले असूनही बाकी घडी विस्कटलेली आहे. एका स्टिकमुळे प्रोसेसरला मेमरीचा वेग निम्माच मिळतो, म्हणजे डीडीआर४-३२०० धरून सेकंदाला २५.६ जीबी. व्हॅलोरंटचा भार प्रोसेसरवर असल्याने तिथे फ्रेम्स पडतात. सायबरपंक आणि विंडोज मिळून ८ जीबी पुरत नाहीत, मग एसएसडीवर ने-आण सुरू होते आणि गेम गोठत राहतो. अशा यंत्राची चाचणी पाहून कुणी ‘आरटीएक्स २०५० वाईट’ असा निकाल देत असेल, तर तो रॅमचा निकाल आहे. दुसरी ८ जीबीची स्टिक बसवली की हा दोष जातो. मग टेक्स्चर मीडियम, डीएलएसएस चालू ठेवून सायबरपंक दुसऱ्या यंत्रापेक्षा वेगात चालतो, आणि मेमरी ४ जीबीच्या आत राहते तोवर १ टक्का लोही नीट राहतो.

दुसऱ्या यंत्राची वाट १२८ बिटची, म्हणजे १०२.४ जीबी, रॅम वाढवण्याची सोय नाही, पण लगेच काही वाढवायची गरजही नाही. व्हॅलोरंट आरामात. सायबरपंक कमी सेटिंगवर, एफएसआरसह, कार्डाहून संथ पण न अडखळता. बायॉसमध्ये ग्राफिक्ससाठी राखीव मेमरी ठरवण्याची सोय असेल तर ती २ किंवा ४ जीबी केल्याने फायदा होऊ शकतो. काही गेम फक्त तो राखीव आकडा पाहून ‘मेमरी कमी’ असा इशारा देतात, त्यांचे तोंड बंद होते. १६ पैकी ४ राखीव गेले की विंडोजला १२ उरतात, हे मात्र लक्षात घ्यावे.

माझा निवाडा असा: होस्टेलच्या टेबलावर चार्जर लावून खेळायचे असेल आणि स्टिकचे पैसे बजेटमध्ये बसत असतील, तर पहिले यंत्र. दिवसभर वर्गात बॅटरीवर वापरायचे आणि खेळ संध्याकाळपुरता असेल, तर दुसरे. स्टिक घ्यायचीच नसेल, तर निःसंशय दुसरे. पहिल्यातले कार्ड ३० वॅटवर बांधलेले निघाले तर त्याची आघाडी आणखी आक्रसते, म्हणून `Maximum Graphics Power` ची ओळ खरेदीआधी वाचायची.

यंत्र घरी आले की परत करण्याची मुदत असेपर्यंत एक चाचणी करून घ्यावी. चार्जर लावा, विंडोजचा पॉवर मोड सर्वात वर ठेवा. सेटिंग्जमध्ये System, Display, Graphics या क्रमाने जाऊन तो गेम `High performance` कार्डावर ठेवला आहे का पाहा. दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपमध्ये गेम चुकून अंगभूत चिपेवरच चालू राहतो आणि मालक कार्डाला दोष देत बसतो, असे वारंवार घडते. मग त्याच गेमचा तोच भाग सलग वीस मिनिटे खेळा. पहिल्या पाच मिनिटांत थंड यंत्र नेहमीच चांगले आकडे देते. पंधरा मिनिटांनंतर उष्णता मुरली की कार्डाचे वॅट आणि १ टक्का लो पुन्हा नोंदवा. वॅटचा आकडा जाहीर मर्यादेच्या बराच खाली सरकला असेल तर पंखा किंवा उष्णता वाहून नेणारी नळी कमी पडते आहे. हा दोष ड्रायव्हरच्या अपडेटने जात नाही. असे यंत्र मुदतीतच परत करावे.